अमर्याद जबाबदारी आणि 90 दिवसांचं पेमेंट: एका मसुद्यावर मेलने झालेली घासाघीस

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या लहान युनिटकडे मोठ्या ग्राहकाचा करार येतो तेव्हा सोबत परचेसची एकच ओळ असते: 'स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सही-शिक्का करून पाठवा, म्हणजे पीओ रिलीज करते.' इथे ज्या कराराबद्दल लिहितोय तोही असाच आला. काम होतं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या असेंब्ली लाइनचं: कंट्रोल पॅनेल, पीएलसीचा प्रोग्राम आणि उत्पादनाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. किंमत 18 लाख, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3 लाख 24 हजार. कारखाना सिन्नरकडचा, लीगल मुंबईत, आणि दोघांच्या मध्ये परचेसच्या मॅडम. बोलणी जवळजवळ सगळी मेलवर झाली. मेल आणि करार इंग्रजीत होते, इथे मजकूर मराठीत देतोय.

चाळीसेक पानांत अडचणीची कलमं चारच होती. 8.2 म्हणत होतं की 10 टक्के आगाऊ, 80 टक्के 'कंपनीच्या समाधानाप्रमाणे काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र दिल्यापासून 90 दिवसांत' आणि उरलेले 10 टक्के वर्षभरानंतर. 8.5 म्हणत होतं की कंपनीला पुरवठादाराकडून येणं आहे असं वाटेल ती कोणतीही रक्कम कोणत्याही बिलातून कापता येईल. 11.3 मध्ये होती भरपाईची हमी: 'पुरवठादाराच्या कामातून किंवा कामाच्या संदर्भात उद्भवणारं प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष, परिणामस्वरूप असं सर्व नुकसान, उत्पादनातला खंड आणि कंपनीच्या ग्राहकांनी लावलेला दंड यांसह, पुरवठादार भरून देईल.' आणि 14 व्या कलमात जबाबदारीची मर्यादा होती, पण ती फक्त कंपनीसाठी. आपल्या बाजूला आकडाच नव्हता.

बाकीच्या कलमांवर एक शब्दही काढायचा नाही, हा पहिला निर्णय. गोपनीयता पाच वर्षं, न्यायक्षेत्र मुंबई, ऑडिटचा अधिकार, दर सहा महिन्यांनी कसलंसं डिक्लेरेशन, हे सगळं त्रासाचं असलं तरी त्याने युनिट बुडत नाही. तेवीस ठिकाणी लाल शाई फिरवलेला मसुदा लीगलकडे गेला की तो ढिगाच्या तळाशी जातो आणि परचेस दुसऱ्या व्हेंडरला फोन लावते. चार बदल मात्र दहा मिनिटांत वाचून होतात.

मेल लिहिण्याआधी दोन हिशेब कागदावर मांडावे लागतात. मेलमध्ये ते सगळेच जात नाहीत, पण कुठपर्यंत ताणायचं हे त्यांच्यावरून ठरतं.

पहिला हिशेब जबाबदारीचा. परचेसला सहज विचारलं की लाइन तासभर बंद राहिली तर तुमच्याकडे काय धरतात. उत्तर आलं, साधारण दीड लाख. म्हणजे प्रोग्राममधल्या एखाद्या चुकीने लाइन बारा तास बंद राहिली की आपली पूर्ण 18 लाखांची किंमत गेली, आणि तीही नफा नव्हे, उलाढाल. पुढे वाहन कंपनीने लाइन स्टॉपेजची डेबिट नोट काढली तर ती वेगळी. नाशिकमधली बरीच युनिटं मालकी किंवा भागीदारीतली आहेत. तिथे धंद्याची जबाबदारी आणि मालकाची स्वतःची मालमत्ता यांच्यात भिंत नसते. प्रायव्हेट लिमिटेड असलं तरी बँकेच्या कॅश क्रेडिटला संचालकांची वैयक्तिक हमी असतेच. त्यामुळे 'अमर्याद' हा शब्द सरळ घरापर्यंत येतो.

याच टप्प्यावर विमा ब्रोकरला एक मेल टाकायचा: 11.3 चा मजकूर जोडून, 'आमच्या पॉलिसीत हे कव्हर होतं का?' उत्तर जवळपास ठरलेलं असतं. व्यावसायिक जबाबदारीच्या पॉलिसीत कायद्याने जेवढी जबाबदारी आली असती तेवढीच साधारणपणे कव्हर असते. करारात आपण हौसेने जास्तीची घेतली असेल तर ती वगळलेली असते, उशिराचा दंडही वगळलेला असतो. ब्रोकरचं हे लेखी उत्तर नंतर लीगलसमोर चालतं, कारण ते आपलं मत नसून तिसऱ्याचं असतं.

दुसरा हिशेब पैशाच्या चक्राचा. पीएलसी, ड्राइव्ह, स्विचगिअर, केबल, एनक्लोजर मिळून माल 11 लाखांचा. तो पीओनंतर लगेच घ्यावा लागतो. पॅनेल बनायला आणि बसवायला दोन महिने, त्यानंतर 90 दिवस, म्हणजे पाच महिने ते 11 लाख अडकले. कॅश क्रेडिटचा दर 11 टक्के धरला तर व्याज सुमारे 50 हजार. 10 टक्के आगाऊ रक्कम मिळते तेवढं ते थोडं कमी होतं, पण रिटेन्शनचे, म्हणजे वर्षभर रोखून ठेवलेल्या शेवटच्या 10 टक्क्यांचे 1 लाख 80 हजार बाहेर राहतात, त्यात ते पुन्हा भरून निघतं. शिवाय डिस्पॅचला पूर्ण बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटी भरायचा. खरेदीवरचं 1 लाख 98 हजारांचं क्रेडिट वजा जाता 1 लाख 26 हजार खिशातून, ग्राहकाने छदाम दिलेला नसताना.

आता पहिला मेल. तो परचेसच्या मॅडमना, सीसीमध्ये कारखान्याचे प्रोजेक्टवाले साहेब. लीगलला थेट लिहायचं नाही. एक तर पत्ता नसतो, आणि असला तरी परचेसला डावलल्यासारखं होतं. विषयाच्या ओळीत कलमांचे क्रमांक घालायचे, कारण हाच मेल पुढे तीन जणांना फॉरवर्ड होणार असतो.

> विषय: करार मसुदा – कलम 8.2, 8.5, 11.3 व 14 बाबत सूचना (बाकी मान्य)
>
> नमस्कार मॅडम,
>
> मसुदा पूर्ण वाचला. वरील चार कलमं सोडून बाकी करार आम्हाला जसाच्या तसा मान्य आहे. चारही ठिकाणी पर्यायी मजकूर सोबतच्या फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस ठेवून दिला आहे.
>
> 1. 11.3 व 14: आमच्या चुकीची जबाबदारी आम्ही घेतो. मात्र तिला कराराच्या रकमेइतकी (18 लाख, जीएसटी वगळून) मर्यादा असावी. मृत्यू किंवा शारीरिक इजा, फसवणूक आणि जाणूनबुजून केलेलं नुकसान यांना ही मर्यादा लागू नसेल. अमर्याद जबाबदारी आमच्या विमा पॉलिसीत कव्हर होत नाही. ब्रोकरचं उत्तर जोडलं आहे.
>
> 2. 8.2: हप्ते कामाच्या टप्प्यांना जोडावेत आणि स्वीकृतीची तारीख चाचणीवरून ठरावी. आमची उद्यम नोंदणी 'लघु' म्हणून आहे. प्रमाणपत्र जोडलं आहे.
>
> 3. 8.5: कपात फक्त याच करारातल्या, उभयपक्षी मान्य झालेल्या रकमेची असावी, आणि 7 दिवस आधी लेखी हिशेब मिळावा.
>
> यातला कोणता मुद्दा आपल्या अधिकारात आहे आणि कोणता लीगल किंवा फायनान्सकडे जाईल, एवढं कळवलंत तर त्याप्रमाणे खुलासा पाठवतो. साहित्याच्या कोटेशनची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

शेवटून दुसरं वाक्य दिसतं साधं, पण सगळ्यात उपयोगी तेच पडतं. परचेसला पेमेंटच्या अटीत काहीशी मोकळीक असते, जबाबदारीच्या कलमात काहीच नसते. हे आधी कळलं नाही तर ज्यांच्या हातात काही नाही त्यांच्याशी पंधरा दिवस वाद होत राहतो. 'बाकी मान्य' हे विषयातच लिहिल्याने वाचणाऱ्याला कळतं की समोरचा सही करायला बसलाय, अडवायला नाही. आणि पर्यायी मजकूर दिल्याशिवाय 'हे कलम आम्हाला मान्य नाही' असं कधीच लिहू नये. नवं कलम लिहिण्याचं काम त्यांच्यावर टाकलं की ते होत नाही.

मर्यादेचं कलम लिहिताना तीन गोष्टी हमखास निसटतात. त्या निसटल्या तर आकडा असूनही जबाबदारी पुन्हा अमर्यादच होते.

एक म्हणजे भरपाईची हमी आणि मर्यादा ही करारात वेगवेगळी कलमं असतात. 14 मध्ये 18 लाखांची मर्यादा आली, आणि 11.3 'या करारात काहीही म्हटलं असलं तरी' अशा शब्दांनी सुरू होत असेल, तर हमी मर्यादेच्या बाहेरच राहते. म्हणून 14 मध्येच लिहायचं की 11.3 खालच्या हमीसह, या करारातून कोणत्याही कारणाने येणारी पुरवठादाराची एकूण जबाबदारी 18 लाखांपेक्षा जास्त असणार नाही. आणि 11.3 च्या सुरुवातीला '14 व्या कलमाच्या अधीन राहून' एवढे शब्द. दोन्हीकडे हवं. 'एकूण' हा शब्दही सोडायचा नाही, नाहीतर मर्यादा प्रत्येक दाव्यामागे 18 लाख अशी वाचता येते.

दुसरी, 'अप्रत्यक्ष नुकसान वगळावं' एवढंच लिहून भागत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारं, किंवा करार करताना दोघांना माहीत असलेलं नुकसान मागता येतं. दूरचं आणि अप्रत्यक्ष मागता येत नाही. आता असेंब्ली लाइनचं पॅनेल बंद पडल्यावर उत्पादन थांबणं हे दूरचं नुकसान आहे असं कोण म्हणेल? त्यातून लाइनचा तासाचा दर आपण स्वतःच मेलवर विचारलेला, म्हणजे माहीत होतं हेही उघड. (हा प्रश्न फोनवर विचारलेला बरा.) त्यामुळे नावं घेऊन वगळावं लागतं: 'प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष, उत्पादनातला खंड, बुडालेला नफा आणि कंपनीच्या ग्राहकांनी लावलेला दंड किंवा डेबिट नोट यांची जबाबदारी पुरवठादारावर नाही.'

तिसरी, उशिराचा दंड. मसुद्यात तो दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल 5 टक्के होता. म्हणजे आठवड्याला 9 हजार आणि जास्तीत जास्त 90 हजार. दर वाजवी आहे, त्याला हात लावला नाही. फक्त दोन वाक्यं जोडली: उशिराबद्दल हीच एकमेव भरपाई आणि ती एकूण मर्यादेत मोजली जाईल, ड्रॉइंगची मंजुरी, साइट किंवा वीजपुरवठा कंपनीकडून उशिरा मिळाला तर तेवढे दिवस मोजणीतून वजा.

पहिल्या मेलवर जे उत्तर आलं ते नमुनेदार होतं. परचेसने लीगलची टिप्पणी खाली चिकटवली होती: भरपाईचं कलम हे कंपनीचं धोरण आहे, कोणत्याही व्हेंडरसाठी बदललेलं नाही. तुमच्या माणसाच्या चुकीने 60 लाखांचं मशीन जळालं तर 18 लाखांत काय होणार? पेमेंट 60 दिवस करू, याहून कमी होणार नाही.

यातलं पहिलं वाक्य सोडून द्यायचं. 'धोरण आहे' यावर वाद घालून धोरण बदलत नाही. दुसऱ्या वाक्यात मात्र त्यांची खरी भीती कळते, आणि ती रास्त आहे. उत्पादनातल्या खंडाबद्दल ते काहीच बोलले नाहीत, मशीनबद्दल बोलले. म्हणजे मशीनपुरती वेगळी, वरची मर्यादा दिली तर बाकीचं सुटू शकतं. आपल्या जबाबदारीच्या पॉलिसीची मर्यादा 50 लाख होती. पण तो आकडा देण्याआधी ब्रोकरला पुन्हा विचारायचं की ज्या यंत्रावर प्रत्यक्ष काम चालू आहे त्याचं नुकसान पॉलिसीत वगळलेलं तर नाही ना. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं आणि जादा प्रीमियम भरून घ्यावं लागतं. इथेही तसंच होतं. ते वाढीव कव्हर घेतलं, आणि मगच दुसरा मेल गेला.

> नमस्कार मॅडम,
>
> लीगलचा मशीनबद्दलचा मुद्दा आम्हाला पटतो. त्यासाठी सुधारित प्रस्ताव असा:
>
> अ) कंपनीच्या मालमत्तेचं प्रत्यक्ष भौतिक नुकसान: 50 लाखांपर्यंत वेगळी मर्यादा. हे विम्याने कव्हर आहे, प्रमाणपत्र देऊ.
>
> ब) इतर सर्व जबाबदारी: एकूण 18 लाख.
>
> क) उत्पादनातला खंड, बुडालेला नफा, ग्राहकाचा दंड: यांची जबाबदारी आमच्यावर नाही.
>
> अमर्याद हमी आम्ही लिहून दिली तरी ती आमच्या ऐपतीपलीकडची असेल. वसुलीच्या वेळी ती कंपनीच्या कामी येणार नाही. 50 लाख मात्र विमा कंपनीकडून येऊ शकतात.

हे शेवटचं वाक्य लीगलला लागू पडतं, कारण त्यांनाही माहीत असतं की लहान युनिटच्या अमर्याद हमीची किंमत त्या युनिटच्या मालमत्तेएवढीच असते. 'हे अन्यायकारक आहे', 'एकतर्फी आहे' असले शब्द कुठेच घालू नयेत. एकतर्फी आहे हे त्यांनाही ठाऊक असतं, मसुदा त्यांनीच लिहिलाय.

लीगलने अ आणि ब मान्य केलं. क मध्ये 'जाणूनबुजून केलेल्या चुकीखेरीज' असे शब्द घातले, ते ठेवायला हरकत नव्हती. पण सोबत 'निष्काळजीपणाखेरीज' असंही घातलं होतं. तो शब्द काढायला लावला, कारण प्रोग्राममधली चूक म्हणजे बहुतेक वेळा निष्काळजीपणाच ठरते, आणि मग वगळलेलं सगळं मागच्या दाराने परत येतं. शेवटी 'घोर निष्काळजीपणा' यावर मिटलं. हा शब्द तसा निसरडाच आहे. म्हणून त्याची व्याख्या घालून घेतली: धोका माहीत असूनही त्याकडे उघड दुर्लक्ष.

आता पेमेंट. इथे आपल्या बाजूला कायदा आहे, पण तो काढायचा कसा, यावर बरंच अवलंबून असतं. एमएसएमई विकास कायदा, 2006 च्या कलम 15 प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, आणि ती मुदत स्वीकृतीपासून 45 दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट 5.5 टक्के धरला तर साडेसोळा टक्के. कलम 24 प्रमाणे हा भाग इतर कायद्यांना वरचढ आहे, त्यामुळे करारात 60 किंवा 90 लिहिलं तरी हा हक्क जात नाही. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची व्याख्या गुंतवणूक 25 कोटी आणि उलाढाल 100 कोटींपर्यंत आहे, म्हणजे नाशिकची बरीच युनिटं यात बसतात. मध्यम उद्योगाला मात्र उशिराच्या पेमेंटचं हे संरक्षण नाही. उद्यम नोंदणी करार होण्याआधीची असलेली बरी, नंतरच्या नोंदणीवर वाद होतात. कामाचं स्वरूप वर्क्स कॉन्ट्रॅक्टचं असेल तर हा कायदा लागतो की नाही यावरही न्यायालयांत वाद झालेले आहेत, म्हणून 'पुरवठा' आणि 'सेवा' यांच्या किमती करारात वेगळ्या दाखवाव्यात.

हे सगळं परचेसला ऐकवून काही होत नाही. 'तुमची अट बेकायदेशीर आहे' असा मेल गेला तर तो धमकीसारखा वाचला जातो, आणि थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेचं नाव घेतलं तर पुढचं काम गेलंच म्हणून समजा. परिषद आहे, तिच्याकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, पण ते पैसे अडकल्यावरचं हत्यार आहे. वाटाघाटीच्या वेळी जास्त उपयोगी पडते ती आयकराची बाजू. 2023 च्या वित्त कायद्याने 1961 च्या आयकर कायद्यात 43ब च्या खाली (एच) हा उपखंड घातला. कलम 15 ची मुदत उलटून गेलेली सूक्ष्म-लघु उद्योगाची रक्कम वर्षअखेरीला बाकी असेल, तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. हे परचेसला माहीत नसतं, अकाउंट्सला तोंडपाठ असतं. म्हणून तिसऱ्या मेलच्या सीसीमध्ये फायनान्सचे साहेब आले, आणि मजकूर एवढाच:

> 8.2 मध्ये 60 दिवस ठेवले तर 43ब(एच) खाली मार्चअखेरीला आपल्या अकाउंट्सला आमचं बिल वेगळं काढावं लागेल. लघु पुरवठादारांसाठी 45 दिवसांची वेगळी अट आपल्या सिस्टिममध्ये असल्यास तीच आम्हाला लावावी.

त्याच दिवशी संध्याकाळी फायनान्सचं दोन शब्दांचं उत्तर: '45 ओके.'

पण 45 हा आकडा मिळाला की जिंकलो असं वाटतं, आणि खरी गोम तिथेच असते. 45 दिवस कधीपासून? मसुद्यात घड्याळ सुरू होत होतं 'कंपनीच्या समाधानाप्रमाणे प्रमाणपत्र' मिळाल्यावर. ते प्रमाणपत्र सही करणारे साहेब रजेवर गेले, लाइनचं दुसऱ्या व्हेंडरचं कन्व्हेअर आलंच नाही, ट्रायलला माल नाही. काहीही कारण पुरतं. कायद्यात पोचवल्यापासून 15 दिवसांत लेखी आक्षेप नसेल तर पोचवल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरतात, पण बसवून चालू करून देण्याच्या कामात सेवा 'पूर्ण' नेमकी कधी झाली यावर वाद घालायला जागा उरते. म्हणून करारातच दोन चाचण्या लिहून घेतल्या. पहिली आमच्या शेडमध्ये, डिस्पॅचच्या आधी. दुसरी कारखान्यात, सलग 72 तास लाइन चालवून, कोणते सिग्नल आणि कोणते रिपोर्ट तपासायचे त्याची यादी जोडून. पुढे हे वाक्य: चाचणी संपल्यापासून 15 दिवसांत लेखी, मुद्देसूद आक्षेप आला नाही, किंवा पॅनेल उत्पादनासाठी वापरात घेतलं, तर काम स्वीकारलं असं धरलं जाईल. आणि आमच्या हातात नसलेल्या कारणाने डिस्पॅचनंतर 60 दिवस चाचणी झाली नाही, तरी तो हप्ता देय होईल. या शेवटच्या वाक्यावर प्रोजेक्टचे साहेब जरा कुरकुरले, त्यांना 30 ऐवजी 60 दिवस दिल्यावर तयार झाले. 30 पासून सुरुवात केली होती ती याचसाठी.

हप्ते असे ठरले: पीओसोबत 20 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजार, शेडमधली चाचणी होऊन डिस्पॅच झाल्यापासून 30 दिवसांत 50 टक्के, 9 लाख, आणि जीएसटीची पूर्ण रक्कम याच हप्त्यासोबत, कारखान्यातल्या स्वीकृतीपासून 45 दिवसांत 20 टक्के, आणि शेवटचे 10 टक्केही तेव्हाच, पण तेवढ्या रकमेच्या बँक गॅरंटीवर. बँक गॅरंटीला कमिशन लागतं आणि मार्जिनपोटी एफडी अडकते हे खरं. तरी रिटेन्शनपेक्षा ती बरी. रिटेन्शनमध्ये वर्षानंतर आपण त्यांच्या मागे फिरतो. गॅरंटी मुदत संपली की संपते. दाव्याची मुदत काय लिहिली आहे तेवढं बघून घ्यायचं.

8.5 च्या कपातीवर सगळ्यात कमी चर्चा झाली. सात दिवसांची नोटीस आणि हिशेब त्यांनी लगेच मान्य केला, 'उभयपक्षी मान्य' हे नाही केलं. मधला रस्ता असा निघाला की आक्षेप घेतलेली रक्कम कापायची नाही, वादातली तेवढीच बाजूला ठेवून उरलेलं बिल वेळेवर द्यायचं. आमच्या मते यापुढे ताणण्यात अर्थ नव्हता. एरवी होतं असं की 20 हजारांच्या वादापायी 9 लाखांचं बिल 'होल्ड'वर पडतं, ते या वाक्याने टळतं.

अधूनमधून फोनही झाले. प्रत्येक फोननंतर अर्ध्या तासात एक छोटा मेल: 'आता फोनवर बोलल्याप्रमाणे 14 मध्ये मालमत्तेसाठी 50 लाख आणि इतर 18 लाख मान्य, काही वेगळं असल्यास कळवावं.' फोनवर हो म्हणणारा माणूस महिन्याभरात बदलून जाऊ शकतो.

शेवटी लीगलकडून `Agreement_Final_Clean.docx` आलं, ट्रॅक चेंजेस नसलेलं. अशी क्लीन फाइल आली की ती वाचत बसायची नाही. वर्डमध्ये `Review > Compare` वर जाऊन आपण शेवटची पाठवलेली फाइल आणि ही फाइल समोरासमोर लावायची. इथे एक फरक निघाला. 14 बरोबर होतं, पण 11.3 जुनंच राहिलं होतं, '14 व्या कलमाच्या अधीन राहून' हे शब्द नव्हते. मुद्दाम केलं असेल असं नाही, जुन्या टेम्प्लेटवर काम केलं की असं होतं. एका ओळीचा मेल, तुलनेची फाइल जोडून, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत आली.

मग सह्या, आणि त्यानंतर पीओ. पीओ सिस्टिममधून निघते. तिच्यात पेमेंट टर्म पूर्वीच्या व्हेंडर मास्टरमधून येते, आणि शेवटच्या पानावर छापील अटी असतात ज्यांत अमर्याद हमी पुन्हा बसलेली असते. या पीओवर खरंच '90 दिवस' छापून आलं होतं. करारात आधी एक वाक्य घालून ठेवलं होतं की पीओ आणि करार यांत विसंगती असेल तर करार वरचढ, पुढे त्यात दुरुस्ती झाली तर दोघांच्या सहीनेच. तरीही पीओ तशीच स्वीकारायची नाही, कारण बिल पास करणारा अकाउंट्सचा माणूस करार उघडत नाही, त्याच्या स्क्रीनवर पीओची टर्म दिसते. ऑर्डर स्वीकृतीचा मेल पाठवला तो असा: 'पीओ मिळाली. सही झालेल्या कराराच्या अटींनुसारच स्वीकारत आहोत. कलम 8.2 प्रमाणे पेमेंट टर्म दुरुस्त करून सुधारित पीओ पाठवावी. ती आल्यावर आगाऊ रकमेचं प्रोफॉर्मा बिल देतो.' पीएलसीची ऑर्डर सुधारित पीओ हातात पडल्यावरच सोडली.